कुर्टीचं कुळागर आणि वाळपईची काजूची बाग: शेतजमीन विकली, कर कुठे लागेल?

प्रश्न: वडिलोपार्जित दोन जमिनी आहेत. एक कुर्टी-खांडेपार पंचायतीत ३,२०० चौरस मीटरचं कुळागर. ते जानेवारी २०२६ मध्ये ९६ लाखांना विकलं. दुसरी वाळपई पालिकेच्या हद्दीत २,००० मीटर काजूची बाग, तिचं बोलणं चालू आहे. सगळे सांगतात की पंचायतीतली शेतजमीन करमुक्त आणि पालिकेतली करपात्र. कुर्टीचा पैसा तसाच ठेवला तर चालेल ना? वाळपईचं गिऱ्हाईक म्हणतं, आधी बिगरशेतीची सनद काढून द्या, दर वाढवून देतो. मी नोकरी करतो, पगार वर्षाला पावणेपाच लाख. पत्नी घरी असते. आमचं लग्न गोव्यातच नोंदलेलं आहे.

उत्तर:

तुम्हाला जे सांगितलं गेलं, ते तुमच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. कुर्टीच्या कुळागरावर कर आहे. वाळपईच्या बागेवर आजच्या घडीला नाही, पण सनद काढलीत तर तोही ओढवून घ्याल. कुर्टीचं काम आधी बघा, कारण तिथे १५ मार्चची तारीख आहे.

आयकर कायद्यात भांडवली नफ्यावर कर लागायचा तर विकलेली वस्तू आधी ‘भांडवली मालमत्ता’ असावी लागते. १९६१ च्या कायद्याचं कलम २(१४) ही व्याख्या करतं आणि त्यातून ग्रामीण शेतजमीन बाहेर काढतं. म्हणजे ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीला वजावट किंवा सवलत मिळते असं नाही, तो व्यवहार या कराच्या दारातच येत नाही. त्यामुळे पैसा कुठे गुंतवला, किती दिवसांत गुंतवला, सरकारी दर काय होता, हे प्रश्नच उरत नाहीत. रेषेच्या अलीकडे सगळं मोकळं, पलीकडे पूर्ण कर. म्हणून ही रेषा कुठून जाते ते नीट पाहावं लागतं.

कायदा पंचायत की पालिका एवढंच बघत नाही. तो दोन गोष्टी विचारतो. पहिली: जमीन अशा पालिकेच्या हद्दीत आहे का, जिची लोकसंख्या दहा हजार किंवा त्याहून जास्त आहे? असेल तर ती शहरी. दुसरी: हद्दीबाहेर असली तरी अशा पालिकेच्या सीमेपासून ठरलेल्या अंतराच्या आत आहे का? पालिकेची लोकसंख्या दहा हजारांच्या वर ते एक लाखापर्यंत असेल तर हे अंतर २ किलोमीटर, एक लाखाच्या वर ते दहा लाखांपर्यंत असेल तर ६ किलोमीटर, आणि दहा लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटर. आठ किलोमीटरचा आकडा लोकांच्या तोंडी बसला आहे, कारण जुन्या नियमात केंद्राची अधिसूचना जास्तीत जास्त तेवढ्या अंतरापर्यंत जाऊ शकत होती. पण २०११ च्या जनगणनेत सगळ्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. दहा लाखांची पालिका इथे येणार कुठून?

आता गोव्याचे आकडे बघा, सगळी गंमत त्यातच आहे. राज्यात एक महापालिका आणि तेरा नगरपालिका. २०११ च्या जनगणनेत मुरगाव पालिकेची लोकसंख्या ९४,३९३, मडगावची ८७,६५०, पणजी महापालिकेची ४०,०१७ आणि फोंड्याची २२,६६४. एकाही पालिकेने लाखाचा आकडा ओलांडलेला नाही. म्हणून आज गोव्यात सहा किलोमीटर कुठेच लागत नाहीत, जिथे लागतात तिथे दोनच. दुसऱ्या टोकाला पेडणे, सांगे आणि वाळपई या पालिका दहा हजारांच्या खाली आहेत. वाळपईची लोकसंख्या ८,५३२. कायद्याच्या लेखी ही पालिका शहर ठरवण्याइतकी मोठीच नाही. तुमची बाग तिच्या हद्दीत असो किंवा बाहेर, काही फरक पडत नाही. दहा हजारांच्या वरची सगळ्यात जवळची पालिका म्हणजे साखळी, आणि ती दोन किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे आहे.

इथे एक घोळ मी वारंवार बघतो, अनुभवी लोकांच्या कागदांतसुद्धा. जनगणनेत पणजीसाठी दोन आकडे सापडतात, पालिकेचा ४०,०१७ आणि ‘नागरी समूहा’चा १,१४,७५९. मडगावचंही तसंच, पालिका ८७,६५० तर समूह १,०६,४८४. समूहाच्या आकड्यात आजूबाजूची पंचायतीची गावं मिसळलेली असतात. इंटरनेटवर शोधलं की बहुतेक वेळा समूहाचाच आकडा वर येतो, मग कुणीतरी दोनाचे सहा किलोमीटर करतं आणि चार किलोमीटरवरच्या खाजन शेतावर कर भरून मोकळं होतं. कायदा पालिकेची लोकसंख्या विचारतो, समूहाची नव्हे. याच्या उलटी चूकही होते. जनगणनेने गोव्यातली ५६ गावं ‘जनगणना शहरं’ म्हणून नोंदली आहेत, त्यामुळे कागदावर राज्याची बासष्ट टक्के जनता शहरी ठरते. पण ही गावं पंचायतीच्या कारभाराखाली आहेत, तिथे पालिका नाही. तुमचं गाव या यादीत आहे की नाही, यावर या कलमात काहीही ठरत नाही. एनजीपीडीए किंवा एसजीपीडीएच्या नियोजन क्षेत्रात जमीन येते म्हणून ती शहरी, हेही चूक. नियोजन प्राधिकरण म्हणजे पालिका नव्हे.

मग कुर्टीचं काय? कुर्टी पंचायतीत आहे हे खरं, पण ती फोंडा पालिकेला खेटून आहे आणि फोंडा दहा हजारांच्या वर आहे. म्हणून दोन किलोमीटरचा पट्टा लागतो. तुम्ही पाठवलेल्या आराखड्यावर कुळागर फोंडा बसस्टँडपासून रस्त्याने ३.१ किलोमीटर दाखवलं आहे. या आकड्यात दोन चुका आहेत. अंतर बसस्टँडपासून किंवा पालिकेच्या इमारतीपासून मोजायचं नसतं, पालिकेच्या सीमेपासून मोजायचं असतं, आणि सीमेचा जो भाग जमिनीला सगळ्यात जवळ येतो तिथून. दुसरं, ते रस्त्याने नाही, सरळ रेषेत मोजायचं. २०१३ च्या वित्त कायद्याने ‘हवाई अंतर’ हे शब्द घातले आणि २०१४-१५ च्या कर-निर्धारण वर्षापासून ते लागू आहेत. त्याआधीच्या व्यवहारांसाठी रस्त्याचं अंतर धरायचं, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ च्या परिपत्रक क्रमांक १७ मध्ये मान्य केलं. त्यामुळे कुणी जुना निकाल दाखवून ‘रस्ता मोजा’ म्हणालं तर तो निकाल कोणत्या वर्षाचा आहे ते आधी विचारा. तुमच्या सर्व्हे नंबरचा फोंड्याकडचा कोपरा सीमेपासून सरळ रेषेत जेमतेम १.४ किलोमीटरवर येतो. तेव्हा जमीन शहरी, यात वाद घालण्यासारखं काही दिसत नाही.

हवाई अंतराचा फटका गोव्यात नद्यांमुळे जास्त बसतो. रायबंदर पणजी महापालिकेत आहे आणि त्याच्या समोर मांडवीपलीकडे चोडण. बेटावर जायला फेरीबोट लागते, चहूकडे शेतं आणि मानशी, पण फेरीधक्क्याजवळचं शेत पणजीच्या सीमेपासून दोन किलोमीटरच्या आत येतं. बेती-वेरेंचंही तेच. पुलावरून वळसा घालून जावं लागतं, म्हणून मालक ठामपणे सांगतो की आम्ही लांब आहोत. सरळ रेषा पाण्यावरूनही जाते.

अंतराचा पुरावा कसा करायचा, तेही सांगतो. गुगल मॅपवर ‘फोंडा’ असं लिहून जी रेघ दिसते ती पालिकेची अधिकृत सीमा नव्हे, तिच्यावर विसंबू नका. पालिकेकडून हद्दीचा नकाशा घ्या, त्यात सीमेवर कोणते सर्व्हे नंबर आहेत ते पाहा. मग सर्व्हेअरकडून तुमच्या सर्व्हे नंबरपर्यंतचं सरळ अंतर नकाशावर काढून त्याचा सही-शिक्क्याचा दाखला घ्या. अंतर चार-पाच किलोमीटर असेल तर एवढं करायची गरज नाही. पण १.८ आणि २.२ च्या मधलं प्रकरण असेल तर हा एक कागद सगळं ठरवतो. सर्व्हे नंबर मोठा असून रेषा त्याच्या मधून जात असेल तर विकलेला तुकडा नेमका कुठे आहे, ते विक्रीखताच्या आराखड्यात दाखवून ठेवावं.

आता कुर्टीचा हिशेब. वाडवडिलांची जमीन २००१ च्या आधीची आहे, म्हणून मूळ किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो. मात्र त्या दिवशीचा सरकारी मुद्रांक दर उपलब्ध असेल तर त्याच्या वर जाता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराने समजा मीटरला १५० रुपये काढले, तर ३,२०० मीटरचे ४ लाख ८० हजार. ९६ लाखांतून ते वजा केले की नफा ९१ लाख २० हजार. जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला साडेबारा टक्के दर आहे, महागाई निर्देशांकाशिवाय. त्याआधी घेतलेल्या जमिनीसाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह वीस टक्क्यांचा हिशेब करून कमी येईल तो कर भरता येतो. तोही करून पाहू. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ आणि २००१-०२ चा १००, म्हणजे खर्च १८ लाख ५ हजारांच्या आसपास, नफा सुमारे ७८ लाख आणि कर साडेपंधरा लाखांच्या वर. साडेबारा टक्क्यांनी तो ११ लाख ४० हजारच येतो. २००१ चा भाव इतका कमी असला की निर्देशांक मदतीला येत नाही, आणि गोव्यात बहुतेक ठिकाणी हेच चित्र आहे.

इथपर्यंतचा हिशेब मुंबईचा सीएसुद्धा करून देईल. पुढची गोष्ट मात्र त्याच्याकडून हमखास सुटते. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची सामाईक मालमत्ता पद्धत आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर वारशाने आलेली जमीनही नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. विक्रीखतावर पत्नीची सही घेतली ती याचसाठी. आयकर कायद्याचं कलम ५अ हे धरून चालतं. पगार ज्याचा त्याचा, पण भांडवली नफा दोघांत समान वाटायचा. तुमचा वाटा ४५ लाख ६० हजार, तिचाही तेवढाच.

यातून दोन फायदे होतात. तुमचा पगार पावणेपाच लाख, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात चार लाख. नव्या पद्धतीतली चार लाखांची मूळ मर्यादा त्यातच संपते. म्हणून तुमच्या ४५.६ लाखांवर पूर्ण साडेबारा टक्के, म्हणजे ५ लाख ७० हजार. पत्नीला दुसरं उत्पन्न नाही, तेव्हा तिची चार लाखांची मर्यादा नफ्यातूनच वजा होते आणि ४१.६ लाखांवर ५ लाख २० हजार लागतात. दोघांचे १० लाख ९० हजार, त्यावर चार टक्के उपकर धरून ११ लाख ३४ हजारांच्या जवळ. दुसरा फायदा अधिभाराचा. तुमचं एकूण उत्पन्न ४९ लाख ६० हजार, पन्नास लाखांच्या आत. सगळा नफा तुमच्याच नावावर दाखवला असता तर उत्पन्न ९५ लाखांवर गेलं असतं, दहा टक्के अधिभार लागला असता आणि एकूण कर १३ लाख ४ हजारांवर पोचला असता. फक्त विवरणपत्रात योग्य जागी लिहिल्याने एक लाख सत्तर हजार वाचतात. त्यासाठी दोघांनीही आयटीआर-२ भरायचं आणि त्यातलं अनुसूची ५अ भरायचं. पत्नीचा पॅन नसेल तर आजच अर्ज करा.

खरेदीदाराने टीडीएस कापला नाही, कारण विक्रीखतावर ‘बागायत’ लिहिलं आहे, असं तुम्ही लिहिलंय. कलम १९४-आयएमध्ये शेतजमिनीला सूट आहे, पण तिथेही शेतजमीन म्हणजे ग्रामीणच. कुर्टीला ती सूट नाही. रक्कम पन्नास लाखांच्या वर आहे, म्हणून एक टक्का, म्हणजे ९६ हजार कापायला हवे होते. विक्रेते दोन म्हणून प्रत्येकाचे ४८ लाख, असं म्हणून सुटता येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या विक्रेत्यांची रक्कम एकत्र धरली जाते. ही जबाबदारी खरेदीदाराची. त्याने टीडीएसचा 26QB फॉर्म भरला की ती रक्कम तुमच्या करात वळती होईल. त्याला सांगून ठेवा. व्याज आणि विलंब शुल्क त्याच्या डोक्यावर बसणार आहे, आणि नोटीस आली की तो तुमच्याच दारात येईल.

कुर्टीचा कर टाळायचा मार्ग आहे का? आहे, कलम ५४ब. विक्रीच्या आधीची सलग दोन वर्षं तुम्ही किंवा तुमच्या आई-वडिलांनी जमीन कसली असेल, तर विक्रीपासून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेऊन तिच्यात गुंतवलेल्या रकमेपुरता नफा करमुक्त होतो. नवी जमीन ग्रामीण असो वा शहरी, चालते. फक्त ती तीन वर्षं विकायची नाही. लगेच जमीन मिळत नसेल तर विवरणपत्राच्या मुदतीआधी पैसे बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमच्या खात्यात टाकावे लागतात, साध्या मुदतठेवीत ठेवून भागत नाही. मात्र भातशेती घ्यायचा विचार असेल तर गोव्याचा २०२३ चा शेतजमीन हस्तांतरण निर्बंध कायदा आधी वाचा. अशी जमीन शेतकऱ्यालाच घेता येते आणि ते सिद्ध करावं लागतं. आणि नफा दोघांचा आहे, तेव्हा नवी जमीन दोघांच्या नावावर घ्या.

आता वाळपई. पालिका दहा हजारांच्या खाली, एवढ्याने काम संपत नाही. जमीन ‘शेत’जमीन आहे हेही सिद्ध व्हायला हवं, आणि आयकर खातं भांडतं ते बहुतेक इथेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली यासाठी कसोट्या घालून दिल्या. महसुली नोंद काय आहे, प्रत्यक्षात शेती होत होती का, बिगरशेतीची परवानगी घेतली होती का, आजूबाजूला काय आहे, प्लॉट पाडले का. सगळ्या कसोट्या एकत्र तोलायच्या असतात. एकाच गोष्टीवर निकाल लागत नाही. मीटरच्या भावाने विकली म्हणजे शेतजमीन नव्हे, असा मुद्दा अधिकारी मांडतात. पण गोव्यात भाट असो वा मोरड, भाव मीटरनेच ठरतो. त्यावर मी तरी फारसा जीव जाळत नाही.

एक-चौदाचा उतारा हातात घ्या. त्यात लागवडीखालच्या क्षेत्राचे रकाने असतात: जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड. शेवटी पोटखराब. तुमचे २,००० मीटर बागायतीच्या रकान्यात आहेत का, की ‘पोटखराब’ म्हणून पडून आहेत? काजूच्या बागेची नोंद वर्षानुवर्षं पोटखराबातच राहिलेली मी पाहिली आहे. कुणी दुरुस्ती मागितलेलीच नसते. तसं असेल तर विक्रीआधी मामलेदाराकडे जाऊन बघा. मग पिकाचा पुरावा. काजूबिया कुठे घातल्या? गोवा बागायतदार संस्थेकडे घातल्या असतील तर त्या पावत्या सोन्यासारख्या आहेत, कारण त्यांवर तुमचं नाव, तारीख आणि वजन असतं. कृषी कार्ड असेल तर त्याची प्रत. सरकारी आधारभूत किमतीचा फरक बँकेत जमा झाला असेल तर पासबुकाची ती पानं. विवरणपत्रात आजवर शेतीचं उत्पन्न कधीच दाखवलं नसेल तर थोडी अडचण होते, पण हात टेकायचं कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे असंच प्रकरण आलं होतं. महसुली नोंद शेतीची, विक्रेत्याने बिगरशेतीची परवानगी कधी घेतली नव्हती, ती नंतर खरेदीदाराने घेतली. उत्पन्न का दाखवलं नाही, तर जे येत होतं ते बागेच्या देखभालीतच जात होतं. न्यायालयाने ती शेतजमीनच मानली.

त्या निकालाचं मर्म सनदेत आहे. गोवा जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खालची सनद विक्रेत्याच्या नावावर विक्रीच्या आधी निघाली की जमीन शेतीची होती म्हणायला जागा उरत नाही. तुमचं गिऱ्हाईक सनदेबद्दल मीटरला दोनशे रुपये जास्त देतं म्हणून तुम्ही फोनवर म्हणालात. हिशेब करा. सनदेविना १,५०० च्या भावाने ३० लाख, कर शून्य. सनदेसह १,७०० ने ३४ लाख. २००१ चा भाव मीटरला ६० रुपये धरला तर खर्च १ लाख २० हजार, नफा ३२ लाख ८० हजार, साडेबारा टक्क्यांनी ४ लाख १० हजार आणि उपकर धरून ४ लाख २६ हजार. पत्नीच्या चार लाखांच्या मर्यादेमुळे यातले जास्तीत जास्त ५२ हजार कमी होतील. पण वाढवून मिळणारे चार लाख बहुतेक करातच जातात, आणि सनदेचं शुल्क, मोजणी, फेऱ्या तुमच्या माथी. त्याला सांगा, आहे तशी घ्या, सनद तुम्ही नंतर तुमच्या नावावर काढा. मसुदा वाचताना ‘विक्रेता रूपांतर करून देईल’ असं वाक्य विक्रीकरारात घुसलेलं नाही ना, तेही पाहा. वकिलाच्या ठरावीक नमुन्यात ते बऱ्याचदा असतंच. प्रादेशिक आराखड्यात जमीन सेटलमेंट झोनमध्ये असली तरी एवढ्याने ती बिगरशेती होत नाही. झोन सरकार ठरवतं, वापर तुम्ही करता.

बागेत घर असेल तर घर आणि त्याभोवतीची जागा वेगळी धरावी लागेल, ती शेतजमीन नव्हे. विक्रीखतात दोन्हींची किंमत वेगळी लिहिली नाही तर अधिकारी आपल्या अंदाजाने विभागणी करतो, आणि तो अंदाज तुमच्या बाजूचा क्वचितच असतो.

वाळपईच्या विक्रीला फार उशीर करू नका, असंही सांगेन. लोकसंख्या कोणत्या जनगणनेची धरायची, तर ज्या वर्षात विक्री झाली त्या वर्षाच्या पहिल्या दिवसाआधी जिचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत, त्या शेवटच्या जनगणनेची. आज ती २०११ चीच आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे प्रसिद्ध होऊन नवं वर्ष सुरू झालं की त्या दिवसापासून नवा तक्ता लागतो. वाळपईला दहा हजार ओलांडायला दीड हजारही माणसं लागत नाहीत, आणि ओलांडले की हद्दीतली बाग शहरी. मुरगाव किंवा मडगाव पालिका लाखाच्या वर गेली तर दोनाचे सहा किलोमीटर होतील आणि सासष्टीतल्या कितीतरी शेतांचं नशीब एका रात्रीत बदलेल. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो आहे. कलमांचे आकडे बदलतात, पण ग्रामीण-शहरीचा हा निकष तसाच पुढे आला आहे.

वाळपईची विक्री करमुक्त असली तरी विवरणपत्रात करमुक्त उत्पन्नाच्या अनुसूचीत दाखवा. तीस लाखांचा व्यवहार उपनिबंधकाकडून आयकर खात्याला कळतो आणि तुमच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, उमटतो. विवरणपत्रात काहीच नसेल तर संगणक विचारणा करतो. एक-चौदा, काजूच्या पावत्या, २०११ च्या लोकसंख्येच्या तक्त्याची प्रत आणि विक्रीखत एका फाइलमध्ये ठेवा.

कुर्टीसाठी मात्र वेळ थोडा आहे. आगाऊ कराचा शेवटचा हप्ता १५ मार्च २०२६ ला आहे. तोवर ५४बचा निर्णय झाला नाही तर तुम्ही आणि पत्नी दोघांनीही आपापल्या पॅनवर हप्ता भरा; टीडीएस खरेदीदाराने तोवर खरोखर भरला असेल तरच तो वजा करा. तिचा हप्ता तुमच्या पॅनवर भरलात तर तो नंतर वळवून घेणं जिवावर येतं.